टाकीच्या स्लॅबचं लोखंड आलंय

सचिव, ए-१०२: १२ एमएमच्या सळया आल्या, २ टन. जळगावच्या वजनकाट्यावर पावती बरोबर निघाली. उतरवून घेऊ ना?

काका, बी-३०१: थांबा भो! ३० वर्षं साइटवर काढली म्हणून सांगतो, गाडी काट्यावर बरोबर भरली तरी सळई बारीक असू शकते. तीन बंडलांतून एकेक सळई काढा, माती पुसून ग्राइंडरने बरोब्बर १ मीटरचे तुकडे कापा. सेंटिमीटरभर चुकलं तरी ९ ग्रॅम इकडेतिकडे होतात. जाडी कॅलिपरने मोजू नका, अंगावरच्या उंच रेघांमुळे, म्हणजे रिबमुळे आकडा फसवतो.

ए-२०४: दुकानातला चांदीच्या भांड्यांचा काटा आणतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवतो.

सचिव: ८३६, ८३८, ८४१ ग्रॅम.

काका: १२ चा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ८८८ ग्रॅम हवेत. साडेपाच टक्के कमी आहेत. सळयांचं सरकारी मानक आयएस १७८६, त्याप्रमाणे या जाडीच्या एकट्या नमुन्याला ६ टक्के घट चालते, म्हणून प्रत्येक तुकडा पास. पण पूर्ण लॉटला ५ टक्क्यांचीच सूट आहे, म्हणजे ८४४ च्या खाली जायला नको. तीन तुकड्यांवरून भांडू नका. अख्खं बंडल केळीच्या काट्यावर टाका, आणि सळयांची लांबी टेपने मोजा.

सचिव: ५ सळया, प्रत्येकी १२ मीटर. ५०.३ किलो.

काका: म्हणजे मीटरला पुन्हा ८३८. दुसरं बंडलही टाकून बघा.

सचिव: तेही ५०.२.

ए-२०४: पण काका, पैसे वजनावर दिलेत ना? टनामागे ९४ ऐवजी ९९ सळया आल्या, आपला फायदाच की!

काका: अरे, इंजिनिअरने ड्रॉइंगमध्ये सळयांमधलं अंतर दिलंय. मिस्त्री ते अंतर बघून सळया टाकणार, वजन बघून नाही. उरलेल्या सळया कोपऱ्यात पडतील आणि टाकीचं पाणी बारीक सळया पेलतील.

सी-१०३: शिक्का बघितला का?

सचिव: कंपनीचं नाव, एफई ५०० डी ही ग्रेड आणि जाडी १२, सळईवर ठरावीक अंतराने उठलेलं आहे. टॅगवरचा परवाना नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकला, त्याच कंपनीचा निघाला.

काका: छान. नुसता रंगाने मारलेला शिक्का असता तर तिथेच थांबवलं असतं. आता मिस्त्रीला सांगा, ३६ एमएमच्या गोल पिनेभोवती, न तापवता, सावकाश पूर्ण वाकवायची, दोन्ही टोकं समांतर होईपर्यंत. या ग्रेडला पीन जाडीच्या तिप्पट लागते. धारदार कडेवर वाकवली तर चांगली सळईही तडकते. बाहेरच्या बाजूला, रिबच्या मुळाशी बघा.

सचिव: काळे पापुद्रे निघाले. तडा नाही.

काका: पापुद्रे म्हणजे वरची खपली, त्याचं काही नाही. वाकण्यात पास. पण त्यावरून सळईची ताकद कळत नाही, ती लॅबमध्ये ओढूनच कळते. आणि बारीक सळई तर उलट सहज वाकते.

सचिव: लोखंडवाल्या शेठला फोन केला. बदलून देतो म्हणाला. गाडी परत पाठवतोय.

काका: बंडलांच्या वजनाचे आणि टॅगचे फोटो काढून ठेवा. नवीन गाडी आली की आधी तुकडे कापायचे, मग चहा.