बबल सॉर्टचा ट्रेस टेबल: बेरीज जुळते, क्रम जुळत नाही, चूक कोणत्या तुलनेत आहे हे कसे ओळखावे?

नलिनी_क

नमस्कार. माझी मुलगी बारावीला संगणकशास्त्र शिकते आहे आणि तिने वहीत सोडवलेला बबल सॉर्टचा ट्रेस टेबल मी तपासते आहे. यादी ३४, १२, ४५, ८, २७ अशी असून `n` ५ आहे. कोड असा:

```
for i in range(n-1):
    for j in range(n-1-i):
        if a[j] > a[j+1]:
            a[j], a[j+1] = a[j+1], a[j]
```

प्रत्येक फेरीअखेर तिने लिहिलेल्या ओळी:

```
1: 12 34 8 45 27
2: 12 8 34 45 27
3: 8 12 34 45 27
4: 8 12 34 45 27
```

पाचही संख्या शाबूत आहेत, एकही दोनदा आलेली नाही आणि बेरीज प्रत्येक ओळीत १२६ येते. तरीही २७ शेवटीच अडकला आहे. सगळे उदाहरण नव्याने सोडवून देण्यापेक्षा पहिली चूक नेमकी कुठे झाली, एवढेच मला तिला दाखवायचे आहे. ते या चार ओळींवरून कळू शकते का?

सुहास_७१

`n-1-i` मुळे दुसऱ्या फेरीपासून शेवटची जोडी तपासलीच जात नाही, म्हणून २७ अडकला आहे. तेथे नुसते `n-1` ठेवून पाहावे. उत्तर बरोबर येईल.

विद्याधर

सुहासराव, उत्तर खरोखरच बरोबर येईल, आणि माझी हरकत नेमकी त्यालाच आहे. मुलीने जोड्या ज्या पद्धतीने वाचल्या त्याच पद्धतीने वाचून `n-1` पर्यंत गेलो, तर तिसऱ्या फेरीअखेर क्रम लागतो; पण मधल्या ओळी चुकीच्याच राहतात आणि चूक झाकली जाते. कोडमध्ये दोष नाही.

नलिनीताई, बेरजेने फक्त उतरवून घेतानाची चूक सापडते. अदलाबदल करायची राहून गेली तर बेरीज मुळीच हलत नाही. या कोडमध्ये पहिल्या फेरीअखेर सर्वांत मोठी संख्या शेवटी गेलीच पाहिजे; येथे ४५ चौथ्या जागी आहे, म्हणजे चूक पहिल्याच फेरीत आहे आणि पुढच्या ओळी तपासण्यात अर्थ नाही.

आता तुलना शोधू. ज्या संख्येच्या डावीकडे तिच्याहून मोठी संख्या असते, ती दर फेरीत बरोबर एक घर डावीकडे सरकते, अधिक नाही आणि कमीही नाही. मूळ यादीत १२ च्या डावीकडे एक, ८ च्या डावीकडे तीन आणि २७ च्या डावीकडे दोन मोठ्या संख्या आहेत. म्हणून पहिल्या फेरीत या तिघीही एकेक घर सरकायला हव्यात. वहीत १२ आणि ८ सरकल्या, २७ मात्र पाचव्या जागीच राहिला. अर्थात चुकलेली तुलना चौथी, `j` ३ असतानाची. माझा कयास असा की, तिने तेव्हा वर लिहिलेल्या मूळ यादीतून ८ आणि २७ ही जोडी वाचली, वास्तविक तोवर चौथ्या जागी ४५ येऊन बसला होता. पहिल्या फेरीची खरी ओळ १२, ३४, ८, २७, ४५ अशी आहे. याच हिशेबाने अदलाबदली पहिल्या फेरीत ३, दुसरीत २, तिसरीत १ आणि चौथीत शून्य व्हायला हव्यात.

अनघा_पी

माझ्या भाच्याचा बायनरी सर्चचा टेबल असाच भरकटतो. त्याच्या पुस्तकात जागा १ पासून मोजतात आणि शिकवणीत ० पासून, त्यामुळेच `mid` वेगळा येत असेल ना?

विद्याधर

`mid` चा आकडा एकाने वेगळा दिसेल, पण तपासला जाणारा घटक तोच राहतो. दहा घटकांत १ आणि १० यांचा मध्य ५, तर ० आणि ९ यांचा ४. दोन्ही वेळा पाचवाच घटक. मात्र `low` एका पद्धतीचा आणि `high` दुसऱ्या पद्धतीचा घेतला तर टेबल बिघडेल. दुसरी शक्यता अशी की `low` बदलल्यावर नवा `mid` काढताना तो जुनाच `low` घेतो. ओळी पाहिल्याशिवाय यापुढे सांगणे कठीण आहे.

नलिनी_क

तिला विचारले. प्रत्येक फेरीच्या जोड्या तिने आधीच कोपऱ्यात लिहून ठेवल्या होत्या आणि मग त्यांची तुलना केली होती; तुमचा कयास बरोबर ठरला. आता ती प्रत्येक तुलनेनंतर नवी ओळ लिहिते आणि आधीची खोडते. फक्त परीक्षेत अशा दहा ओळी लिहायच्या, की फेरीअखेरच्या चारच पुरतात?

सुहास_७१

आमच्या वेळी चार पुरत असत.

विद्याधर

प्रश्नात प्रत्येक फेरी दाखवा असे असेल तर चार, प्रत्येक पायरी असे असेल तर दहा. नुसते ट्रेस करा म्हटले असेल तर परीक्षकांपरत्वे अपेक्षा वेगळी असते. तिच्या शिक्षकांनाच विचारावे. चौथी फेरी मात्र अदलाबदल नसली तरी लिहावी, कारण कोड ती चालवतो.