रॅमजेटचं मॉडेल: जाळ पुढूनच बाहेर येतोय, मदत हवी

गंगापूररोडकर
मंडळी, पोराच्या अकरावीच्या प्रदर्शनासाठी रॅमजेट इंजिन बनवतोय, सातपूरहून पत्र्याचा पाइप करून आणला, पुढे निमुळता, मध्ये फुगीर, मागे परत बारीक, आत गॅसची नळी. समोरून ब्लोअर लावला, कॉलेजच्या मीटरवर वारा सेकंदाला 40 मीटर भरला, पण पेटवलं की जाळ मागे जायचा सोडून पुढच्या तोंडातूनच बाहेर. ब्लोअरचं प्लास्टिक वितळलं, बायकोचे शब्द इथे लिहीत नाही. थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, शून्य. पत्र्यात चूक आहे का?

टर्नरभाऊ
मागचं तोंड मोठं कर, हवा तुंबतेय.

ओझरवाला काका
भाऊंचं अर्धं बरोबर. तोंड मोठं केलं तर जाळ मागे जाईल, थ्रस्ट तरीही नाही. रॅमजेटला पुढे कॉम्प्रेसर नसतो, आत घुसलेली हवा मंदावते आणि त्यानेच दाबली जाते. तुझ्या 40 मीटरने दाब वाढतो जेमतेम 1 टक्का, एवढ्याशा जोरावर जळालेल्या गॅसला पुढे यायला कोण अडवणार? मॅक 1 ला, म्हणजे आवाजाच्या वेगाला, हाच दाब दुपटीच्या जवळ, मॅक 2 ला जवळपास 8 पट, मॅक 3 ला 36 पट, तेही कागदावर, कारण आवाजापेक्षा जोरात आलेली हवा अचानक मंदावते त्या धक्क्यात, शॉकमध्ये, थोडा वाया जातोच. पैशात सांगतो, तुझ्या वेगाला 1000 रुपयांचा गॅस जाळला तर कामी येतात 3 रुपये, मॅक 3 ला फार तर 640. म्हणून रॅमजेटवालं ब्राह्मोस सुखोईखालून सोडलं तरी वेग घ्यायला आधी बूस्टर रॉकेटच पेटतं.

सिडकोची वैशाली
आमच्या डिझेल गाडीचा टर्बोपण स्लो स्पीडला लागत नाही, तसंच का हे? मेकॅनिक म्हणतो बदला.

ओझरवाला काका
नाही ताई, टर्बो इंजिनच्या धुरावर फिरतो, गाडीच्या वेगावर नाही. बदलायच्या आधी दुसऱ्याला दाखवा.

टर्नरभाऊ
मग स्क्रॅमजेट म्हणजे तेच, फक्त जोरात पळणारं ना?

ओझरवाला काका
तिथंच गंमत आहे. मॅक 6 ला हवा थांबवली तर इंधन टाकायच्या आधीच ती दीड हजार अंशाच्या घरात जाते, वर जाळलेली बरीच उष्णता गॅसचे रेणू फोडण्यातच जाते, हाती थ्रस्ट कमी. म्हणून स्क्रॅमजेटमध्ये हवा थोडीच मंदावतात, आतही ती आवाजापेक्षा जोरातच राहते. पण मग मीटरभर चेंबर ती सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतच पार करते, तेवढ्यात इंधन मिसळायचं, पेटायचं, जळायचं. इस्रोने 28 ऑगस्ट 2016 ला आधी रॉकेटने मॅक 6 गाठला, मग इंजिन चाललं 5 सेकंद.

गंगापूररोडकर
मग प्रदर्शनात ठेवू काय, कपाळ?

ओझरवाला काका
गॅस काढून टाक आधी. पारदर्शक नळी यू सारखी वाक, रंगीत पाणी भर, एक टोक वाऱ्यासमोर धर. वाऱ्याच्या त्याच 1 टक्का दाबाने दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण 9 सेंटीमीटर फरक दिसला पाहिजे. मग पोराला वेग निम्मा करून दाखवायला सांग, फरक पावपट होतो.

गंगापूररोडकर
केलं काका, पण नवीन ब्लोअरवर 6 सेंटीमीटरच येतंय.

टर्नरभाऊ
नळीचं तोंड वाऱ्यासमोर सरळ आहे का तिरकं? फोटो टाक.