सरांना मेसेज: सिद्धतेत नेमकं कुठे अडलं, ते किती सांगावं?

मृण्मयी_एमएस्सी: सरांना हा मेसेज पाठवायचा आहे: "आदरणीय सर, नमस्कार. [a, b] वरचं कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, ही सिद्धता सुरुवातीला कळते, पण δ/2 आल्यावर गोंधळ होतो. सवडीने पुन्हा समजावून सांगाल का?" एवढं पुरे आहे का? मैत्रीण म्हणते, जास्त लिहिलं तर सरांची चूक काढल्यासारखं वाटेल.

काटेकोर: पुरे नाही. δ/2 या सिद्धतेत दोनदा येतं: एकदा आच्छादन घेताना, आणि एकदा शेवटी लहानात लहान δ निवडताना. नुसतं "δ/2 कळत नाही" वाचून सर बहुधा त्रिकोण असमानता फळ्यावर पुन्हा लिहून दाखवतील, आणि ती ओळ तर तुम्हाला आधीच कळलेली असणार. पाठवण्याआधी एक करून पाहा. δ निम्मा न करता सिद्धता लिहा आणि ती कुठल्या ओळीला मोडते ते बघा. मोडलेली ओळ मेसेजमध्ये जशीच्या तशी उतरवा. त्यात सरांची चूक कुठेच दिसत नाही, तुमचा कागद दिसतो.

विनायक_क: मला हे पटत नाही. गोंधळाचं मूळ सापडलं असतं तर विद्यार्थिनीने विचारलंच कशाला? मूळ शोधणं हे शिकवणाऱ्याचं काम. तिने ओळ सांगितली, नम्रपणे सांगितली, तेवढं बास. चार परिच्छेदांचा मेसेज सर उघडून बाजूला ठेवतील.

रेषाखंड: यात अवघड काय आहे? (0, 1) वर 1/x घ्या. x शून्याकडे जाईल तसा δ लहान होत जातो आणि सगळ्यांना पुरेल असा एक δ उरत नाही. झालं.

काटेकोर: रेषाखंड, तुमचं उदाहरण बरोबर आहे, पण ते दुसऱ्या ओळीचं आहे. फायनाइट सबकव्हर का लागतं, ते त्यातून कळतं. मोजकेच δ असले की त्यांतला सर्वांत लहान शून्याहून मोठाच राहतो. मृण्मयी अडली आहे ती त्याच्या पुढे.

विनायकराव, चार परिच्छेद लागत नाहीत, आकडे घातले की दोन ओळींत भागतं. समजा एक केंद्र ०.३ आणि दुसरं ०.६, दोन्हींचा δ ०.२. निम्मा न करता आच्छादन घेतलं, तर (0.1, 0.5) आणि (0.4, 0.8) हे दोन तुकडे मिळतात. आता y = 0.39 आणि z = 0.51 घ्या. अंतर ०.१२, म्हणजे ०.२ पेक्षा कमी. पण y फक्त पहिल्या तुकड्यात आहे आणि z फक्त दुसऱ्यात. दोघांनाही जवळचं असं एकच केंद्र नाही, त्यामुळे f(y) आणि f(z) यांची तुलना कोणामार्फत करायची, हेच ठरत नाही. गोंधळ सुरू होतो तो इथे. δ/2 हा त्यावरचा इलाज आहे.

संध्या_जोग: निम्मा करायची गरजच नाही. ε/2 ऐवजी ε/4 घ्या आणि दोन तुकड्यांच्या सामाइक बिंदूवरून जा. वरच्या उदाहरणात ०.४५ आहेच की.

काटेकोर: या उदाहरणात आहे. पण y चा तुकडा आणि z चा तुकडा एकमेकांना शिवतच नाहीत, मध्ये तिसरा आहे, असंही होऊ शकतं. योग्य तुकडे निवडून वाट काढता येते, पण ती निवड वेगळी सिद्ध करावी लागेल. निम्म्या δ ने तो प्रश्नच उरत नाही: y एखाद्या केंद्रापासून δᵢ/2 च्या आत, z हा y पासून δᵢ/2 च्या आत, म्हणून z त्याच केंद्रापासून δᵢ च्या आत.

संध्या_जोग: तरी हायने यांनी हे १८७२ मध्ये मांडलं तेव्हा बोरेल यांचं आच्छादन आलंही नव्हतं, ते १८९५ चं. सिक्वेन्सने केलं तर δ/2 येतच नाही. तिने सरांना तीच सिद्धता मागावी.

विनायक_क: सरांनी कुठली सिद्धता शिकवायची, हे मेसेजमधून सुचवणं मात्र मला खटकतं. आकड्यांचं मान्य. पण ते आकडे काटेकोर यांनी शोधले. तिला एकटीला सापडले नसते, तर तिने विचारायचंच नाही का?

मृण्मयी_एमएस्सी: आकडे बदलून स्वतः करून पाहिलं, तसंच मोडलं. आता असं लिहिलंय:

"आदरणीय सर, नमस्कार. युनिफॉर्म कंटिन्युइटीच्या सिद्धतेत फायनाइट सबकव्हर घेण्यापर्यंत मला कळलं. पुढे 'y हा i व्या तुकड्यात आहे' या ओळीनंतर z साठीही तेच केंद्र का चालतं, तिथे अडले. δ निम्मा न करता केंद्रं १ आणि २, दोन्हींचे δ ०.६ घेतले, तर y = 1.3 आणि z = 1.7 यांना एक केंद्र मिळत नाही. निम्मा करण्याचं कारण एवढंच आहे, की आणखी काही आहे? सोबत वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे. तुमच्या सवडीने भेटायला आले तर चालेल का?"

काटेकोर: १.३ हा (1.4, 2.6) च्या बाहेर, १.७ हा (0.4, 1.6) च्या बाहेर. बरोबर आहे. पाठवा.

विनायक_क: फोटो नको, सरळ भेटायला जा. आणि "आणखी काही आहे?" हे वाक्य मात्र ठेवा.