मदत हवी आहे: गुरुवारी बायकोच्या अंत्यविधीत तीन मिनिटं बोलायचं आहे, आवाज टिकत नाही

उंबरठा:
माझी बायको मागच्या आठवड्यात गेली. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. इथे दहन लगेच होत नाही, आम्हाला येत्या गुरुवारची वेळ मिळाली आहे. दहनगृहात एकूण चाळीस मिनिटं. त्यात गुरुजींचे मंत्र, मुलीचं बोलणं आणि माझी तीन मिनिटं.

चारशे वीस शब्द लिहिलेत. घरी मोठ्याने वाचतो, आणि दर वेळी एकाच जागी अडकतो: "चौतीस वर्षांत तिने मला कधी नावाने हाक मारली नाही. 'अहो, ऐकलंत का' एवढंच." हे शेवटचं वाक्य आहे. ते काढावंसं वाटत नाही. काय करू?

गवतीचहा:
काका, फार वाईट वाटलं. सगळं पाठ करा. कागदात बघत बोललं की माणूस गोंधळतो, पाठ असलं की आपोआप येतं.

कोकणकडा:
तेराव्याला शोकसभा ठेवा ना, तिथे वेळेचं बंधन नसतं. एखादा अभंग म्हणा, मग निवांत बोला.

उंबरठा:
तेरावं मुलगी पुण्यात करणार आहे. इथली शेजारीण, बायकोच्या कामावरच्या मैत्रिणी गुरुवारीच येणार. मला त्यांच्यासमोर बोलायचं आहे.

सांजवारा:
मी इथे अंत्यविधींचं सूत्रसंचालन करते. पाठ करू नका. पाठ केलेलं बोलताना मध्येच हुंदका आला, की पुढचा शब्द जातो आणि तो शोधायला जागा राहत नाही. कागद हातात असला की बोट ठेवलेल्या ओळीवर परत येता येतं. अक्षरं मोठी घ्या, एका ओळीत एकच वाक्य, पानाच्या एकाच बाजूला छापा, पानांना आकडे घाला. डोळे भरल्यावर लहान अक्षरं दिसतच नाहीत.

चारशे वीस शब्द जास्त आहेत. रडवेल्या आवाजात मिनिटाला ऐंशी-नव्वदच्या वर कोणी जात नाही, आणि थांबावंही लागतं. अडीचशेच्या आत आणा.

आता ते वाक्य. घरी जिथे आवाज फुटतो तिथेच दहनगृहातही फुटणार, असंच धरून चाला. शेवटी ठेवलंत आणि तिथेच थांबलात, तर लोकांना कळत नाही की संपलं की अडकलात. म्हणून ते मध्ये आणा, आणि त्याच्या लगेच पुढे एखादी साधी, हाताला लागणारी गोष्ट ठेवा. भावनेचा शब्द नको. वस्तू, तारीख, जागा. तिथे आवाज पुन्हा पाय टेकतो. अशी एखादी गोष्ट आहे?

उंबरठा:
फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचे जुने डबे. प्रत्येकावर तिच्या हाताने चिकटपट्टीवर लिहिलेलं. 'भाजणी, १२ मार्च'. 'ओलं खोबरं, अर्धं'. अजून आहेत.

सांजवारा:
हेच. "अहो, ऐकलंत का" म्हणायच्या आधी कागदावर एक रेघ मारा. त्या रेघेवर थांबून श्वास सावकाश बाहेर सोडा, पाण्याचा एक घोट घ्या, मग वाक्य म्हणा. गळ्यात गाठ आली की घोट गिळल्याने थोडी सुटते. तरी नाही जमलं तर घाई करू नका, लोक थांबतात. आणि एक प्रत मुलीकडे द्या. आधी ठरवा: तुम्ही कागद तिच्याकडे वळवलात, की तिने उभं राहून पुढची ओळ वाचायची. बोलायला लागायच्या आधीच ती जवळ उभी असेल तर उत्तम.

पाणकोंबडा:
आमच्या आईला स्मशानात येऊच दिलं नाही, बायका जात नाहीत म्हणून. दहाव्याला घरी ती बोलायला उठली. दोन वाक्यं झाली आणि पुढे बोलवेना. मग शेजारच्या मावशींनी तिच्या हातातला कागद घेतला आणि उरलेलं वाचलं. ते वाचताना आई शेजारी उभी होती, मान हलवत. मला वाटतं काका, वाचणारं माणूस मुलगी नसावं, ती स्वतः कोसळेल. काकूंची जवळची मैत्रीण बघा.

सांजवारा:
हे बरोबर आहे, मी हा विचार करायला हवा होता. मुलीचं स्वतःचं बोलणंही त्याच दिवशी आहे.

गवतीचहा:
मग आधी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं तर?

सांजवारा:
जोड म्हणून ठेवा. फक्त दहनगृहाला फाइल आधी द्यावी लागते, त्यांना विचारून घ्या. सभागृहात बसलेल्या नवऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकणं लोकांना विचित्र वाटतं, हेही खरं.

उंबरठा:
दोनशे तीस शब्दांवर आणलं. आता असं आहे:

"चौतीस वर्षांत तिने मला कधी नावाने हाक मारली नाही.
'अहो, ऐकलंत का' एवढंच.
फ्रीजरमध्ये अकरा डबे आहेत. सगळ्यांवर तिचं अक्षर आहे.
शेवटची तारीख १२ मार्च. भाजणी."

पाच वेळा वाचलं. दोनदा अडकलो, पण डब्यांपाशी परत आवाज आला. तिच्या कामावरची मैत्रीण कागद घ्यायला तयार आहे, तिला मराठी येत नाही म्हणून मुलीने इंग्रजीत लिहून दिलंय.

एकच अडलंय. शेवटी बायकोकडे बघून "तू" म्हणून एक ओळ बोलावी, की लोकांशीच बोलत राहावं? "तू" म्हटलं की घरी लगेच रडू येतं.

सांजवारा:
"तू" लोकांसमोर म्हणू नका, नंतर एकटे असताना म्हणा.

पाणकोंबडा:
मी म्हणेन, म्हणा. आवाज फुटला तर फुटू दे, त्यानंतर वाचायचं काही उरलेलं नसतं.

उंबरठा:
कागदाच्या तळाशी ती ओळ पेन्सिलीने लिहून ठेवतो.