ऐन इंटरव्ह्यूच्या तोंडावर आजारी पडलात, तर कसं निभावलंत? अनुभव टाका

भुसावळकरीण: पुण्याच्या कंपनीचा दुसरा राऊंड होता, ऑनलाइन, सकाळी ११ ला, आणि आदल्या संध्याकाळी १०२ ताप. आई म्हणे गोळी घे अन बस. पण बोलताना दम लागत होता म्हणून एचआर मॅडमना रात्री ८ लाच व्हॉट्सअ‍ॅप केला, मग ज्या मेलवर वेळ ठरली होती त्यालाच रिप्लाय: ताप आहे, उद्या नीट बोलता येणार नाही, जॉबमध्ये इंटरेस्ट पक्का आहे, गुरुवारी दुपारनंतर किंवा शुक्रवारी कधीही चालेल. सकाळी ९ ला फोनही केला, दोनच मिनिटं. शुक्रवार मिळाला. तुमचं सांगा.

केळीवाला_रावेर: डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचंच, त्याशिवाय कोणी विश्वास ठेवत नाही भो.

पडद्यामागची: मी जळगावचीच, रिक्रूटमेंटमध्ये आहे. सर्टिफिकेट आम्ही सहसा मागत नाही, न मागता पाठवलं तर उलट अवघडल्यासारखं होतं. चिठ्ठी जपून ठेवा, मागितली तर द्या. आमची खरी पंचाईत वेगळीच असते, पॅनलमधल्या मॅनेजरचा तास मी मागून मागून घेतलेला असतो. आदल्या रात्री कळलं तर त्या वेळेत दुसरा कँडिडेट बसवता येतो, दहा मिनिटं आधी कळलं तर बोलणी मी खाते. आणि कॅलेंडरचं इन्व्हाइट नुसतं डिक्लाइन करून गप्प बसू नका, दुसरी ऑफर मिळाली असंच वाटतं. जुलाब-उलट्यांचं वर्णन नको, 'तब्येत अचानक बिघडली' पुरतं.

धुळ्याचा_पाहुणा: माझा तर कंपनीनेच पुढे ढकलला, तोही मी रात्रभर ट्रॅव्हल्सने पुण्यात पोचल्यावर! त्यांना कोण विचारणार?

चाळीसगाव_एक्स्प्रेस: मे महिन्यात ऊन लागलं होतं, मी जोशात 'उद्याच घ्या' म्हटलं. उद्याही उठवेना. दुसऱ्यांदा विचारल्यावर 'कळवतो' म्हणाले ते आजतागायत.

पडद्यामागची: हेच सांगायचं होतं. एकदा बदललं तर कोणी मनावर घेत नाही, दुसऱ्यांदा मात्र मॅनेजरच म्हणतो राहू दे. म्हणून डॉक्टर दोन दिवस म्हणाले तर तुम्ही चार दिवसांनंतरची तारीख द्या. कन्सल्टन्सीमार्फत असाल तर आधी त्यांनाच फोन, परस्पर कंपनीला कळवलं की कन्सल्टंट तोंडघशी पडतो.

अमळनेरी_मिरची: एमपीएससीच्या मुलाखतीलाही असं चालतं का?

भुसावळकरीण: नाही हो, हे प्रायव्हेटचं चाललंय. तिथं आयोगाकडेच लेखी विचारा.

केळीवाला_रावेर: बरं, सर्टिफिकेट नको. पण ऑनलाइनच आहे तर तापातच उरकून का टाकू नये? माझ्या मावसभावाने दिला अन झाला सिलेक्ट.

पडद्यामागची: पहिला एचआर राऊंड असेल तर देऊन टाका, १५ मिनिटांचं काम. टेक्निकलला घसा बसलेला असताना तासभर कोडचं बोलणं मला तरी पटत नाही, पण मावसभावापुढे मी काय बोलू!