मदत हवी आहे: वस्तीतल्या शौचालयाचा अहवाल, शिफारशींवर गाडी अडली आहे

प्राजक्ता_व

नमस्कार. मी समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्य पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत चालू आहे आणि तिथल्या सामुदायिक शौचालयाचा छोटा अभ्यास केलाय. निष्कर्षांचं प्रकरण सरांनी मंजूर केलं. शिफारशींच्या पानावर मात्र दोनच शेरे लिहून परत दिलं: ‘हे कुठून आलं?’ आणि ‘कोणी?’

निष्कर्ष थोडक्यात सांगते. बायकांच्या बाजूला १० सीट आहेत, त्यातल्या ४ बंद. दोघींची दारं मोडलीत, दोन तुंबलेल्या आहेत. पुरुषांकडे १० पैकी ९ चालू. घरोघर विचारून मोजलं तर वापरणाऱ्या बायका-मुली २४० च्या आसपास आणि पुरुष-मुलगे ३००. सकाळी बायकांची रांग गल्लीपर्यंत येते. पॅड टाकायला डबा नाही, त्यामुळे काही जणी पॅनमध्येच टाकतात. रोजची व्यवस्था वस्तीतली संस्था बघते, कुटुंबाचा महिन्याचा पास १०० रुपयांचा.

माझ्या शिफारशी:
१. महिलांसाठी नवीन शौचालय बांधण्यात यावे.
२. बंद सीट लवकरात लवकर दुरुस्त करण्यात याव्यात.
३. स्वच्छतेबाबत जनजागृती करण्यात यावी.
४. प्रशासनाने याकडे लक्ष द्यावे.

यात काय चुकतंय ते कळत नाहीये. प्लीज सांगा.

शिवडीचा_बाळ्या

ताई, अहवालबिहवाल लिहीत बसू नका. १९१६ ला फोन लावा, तक्रार नोंदवा, नंबर घ्या, पाठपुरावा करा. कागद वाचतंय कोण?

प्राजक्ता_व

दादा, तक्रार वस्तीतल्या बायकांनी केलीच आहे. मला अहवाल लिहायचाय, त्यावर मार्क आहेत :)

एक्सेलवाली

सोप्पं आहे गं. टेबल कर. डावीकडे निष्कर्ष, उजवीकडे शिफारस, पुढे ‘जबाबदार विभाग’ आणि ‘मुदत’. सहा निष्कर्ष तर सहा शिफारशी, एकास एक. मुदत सगळीकडे १५ दिवस टाक. आमच्या ऑफिसात ऑडिटचे रिपोर्ट असेच जातात, कोणी हुं का चूं करत नाही.

जुना_अभियंता

टेबलाची कल्पना चांगली आहे, पण एकास एक जमणार नाही. आधी क्रमांक १ बघू, कारण सरांचा पहिला शेरा तिथेच लागतो.

स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयासाठी बायकांना २५ जणींमागे एक सीट आणि पुरुषांना ३५ जणांमागे एक सीट असं प्रमाण आहे. तुमच्या २४० ला २५ ने भागा. ९.६ येतात, म्हणजे १० सीट. तेवढ्या तिथे बांधलेल्या आहेतच! चालू सहाच आहेत म्हणून आज एका सीटवर ४० जणी येतात. पुरुषांचे ३०० भागिले ३५ म्हणजे ९, आणि ९ चालू आहेत. म्हणून त्यांच्याकडे रांग नाही.

म्हणजे तुमच्याच निष्कर्षांतून ‘नवीन शौचालय बांधा’ निघत नाही, ‘बंद चार उघडा’ निघतं. नवीन बांधायला जागा लागते, मंजुरी लागते, वर्षं जातात. ते सुचवून तुम्ही चार दारांचं आणि पाइपांचं काम वर्षांवर ढकलताय. चारही सीट चालू झाल्यावरही रांग तेवढीच राहिली, तर नव्या बांधकामाचा मुद्दा उभा राहतो. तो निष्कर्ष आज तुमच्याकडे नाही.

प्राजक्ता_व

बापरे, हा भागाकार मी केलाच नव्हता. पण काका, प्रमाण पूर्ण होऊनही सकाळी रांग लागू शकते ना? सगळ्या जणी सहा ते आठमध्येच येतात.

जुना_अभियंता

लागू शकते. ते प्रमाण वापरणाऱ्यांच्या संख्येवर आहे, गर्दीच्या वेळेवर नाही. सकाळी किती जणी किती वेळ थांबतात हे मोजलं असतं तर बोलता आलं असतं. तेवढी मर्यादा अहवालात लिहा आणि पुढे चला.

आता क्रमांक २. ‘दुरुस्त करण्यात याव्यात’ असं वाक्य सरकारी कागदावर शोभून दिसतं, पण त्यात कर्ताच नाही. सरांचा दुसरा शेरा त्यावरच आहे. मात्र कर्ता घालण्याआधी एक सांगा: चारही सीट एकाच कारणाने बंद आहेत का?

प्राजक्ता_व

नाही. दोन ठिकाणी बिजागरं तुटून दार लोंबकळतंय. उरलेल्या दोन तुंबल्यात, का ते माहीत नाही. केअरटेकर म्हणाला, “टाकी भरली असेल.”

जुना_अभियंता

तुंबलेल्या दोन शेजारी-शेजारी आहेत का? आणि त्यांच्या पलीकडच्या सीटचं पाणी नीट जातं का?

प्राजक्ता_व

हो, शेजारीच, टोकाच्या दोन. बाकीच्यांचं पाणी व्यवस्थित जातं.

जुना_अभियंता

मग टाकीवर शंका घ्यायचं कारण कमी आहे. सेप्टिक टँक भरली की एकाच ब्लॉकमधल्या सगळ्याच सीटचं पाणी मंदावतं, चेंबरमधून उलटं येतं. दोनच शेजारच्या सीट तुंबतात तेव्हा बहुतेक वेळा त्या दोघींच्या सामायिक पाइपात किंवा त्यांच्या चेंबरमध्ये काहीतरी अडकलेलं असतं. आणि तुमचाच निष्कर्ष आहे की पॅड पॅनमध्ये जातात. दोन निष्कर्ष जोडले की एक शिफारस तयार होते. एकास एक नको म्हणालो ते यासाठीच.

पण अंदाज तो अंदाज. चेंबरचं झाकण उघडून बघितल्याशिवाय ‘पाइप बदला’ असं लिहू नका. ‘आधी तपासणी करावी’ हीसुद्धा शिफारसच असते. फक्त कोणी तपासायचं आणि काय सापडलं तर पुढे कोणी काय करायचं, ते लिहा.

दादरचा_पद्मनाभ

अगदी अगदी! आमच्या सोसायटीत हेच झालं. वरच्या मजल्याच्या छतातून गळती होती. अहवालात आलं ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग करावे’. कमिटीने वर्गणी काढून केलं, पावसाळ्यात गळती परत हजर. पाणी येत होतं शेजारच्या फ्लॅटच्या बाथरूममधून! गच्ची असती तर खर्च सोसायटीचा, बाथरूम असेल तर त्या सभासदाचा. अजून भांडण चालू आहे. कोणाला अशा केसचा अनुभव असेल तर सांगा, वेगळा धागा काढू का?

एक्सेलवाली

पद्मनाभ, काढा वेगळा धागा, इथे नको :) पण मुद्दा पटला. कारण बदललं की कॉलममधलं नावही बदलतं.

रेश्मा_मानखुर्द

मी वस्तीपातळीवर बरीच वर्षं काम करते, म्हणून थोडं कडक बोलते. प्राजक्ता, आता तू ‘संस्थेने दुरुस्त करावे’ असं लिहून मोकळी होशील. तसं करू नकोस. आधी दोन गोष्टी शोध.

पहिली, हे शौचालय बांधलं कोणी? मुंबईत काही पालिकेने बांधलीत, काही म्हाडाने, काही आमदार-खासदार निधीतून झालीत. वस्ती स्वच्छता कार्यक्रमातल्या शौचालयांत पालिका आणि संस्था यांच्यात करार असतो. रोजची साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती संस्थेकडे, मोठं बांधकाम पालिकेकडे, अशी साधारण वाटणी. पण ‘साधारण’वर शिफारस लिहिता येत नाही. तुझ्या शौचालयाचा करारनामा माग. संस्थेकडे नसेल तर विभाग कार्यालयात माग, तिथेही मिळाला नाही तर माहितीचा अधिकार आहे.

दुसरी, संस्थेकडे पैसे किती आहेत?

प्राजक्ता_व

खजिनदारकाकांनी वही दाखवली होती. नियमित भरणारी ११० कुटुंबं, म्हणजे महिन्याला ११,०००. केअरटेकरला ७,५००, वीज आणि साफसफाईचं सामान मिळून अडीच हजार. उरतात हजारभर.

रेश्मा_मानखुर्द

बघ. हजारात बिजागरं आणि कड्या होतील, झाकणाचा डबा होईल. फरशी फोडून पाइप बदलणं होणार नाही. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्या नावावर काम लिहिलंस तर अहवालात जबाबदारी ठरते आणि सीट बंदच राहते. हे वहीचे आकडे निष्कर्षांत घाल, नाहीतर वाचणारा विचारेल की संस्थेला एवढंच का सांगितलं.

आणि जनजागृती काढून टाक बाई. बायकांना माहीत नाही असं तुझ्या कुठल्या मुलाखतीत आलंय? डबाच नाही असं आलंय.

एक्सेलवाली

मुदतीचं काय मग? १५ दिवस नको?

जुना_अभियंता

दारांना १५ दिवस चालतील, सुताराचं काम आहे. पाइपाला सरसकट १५ दिवस लिहिले तर कोणी मनावर घेणार नाही. तिथे मुदत कशाला तरी बांधलेली हवी. जमिनीखालचं काम असेल तर पावसाळ्याआधी, कारण पाणी साचल्यावर खोदकाम रखडतं. मोठ्या खर्चाचं असेल तर पालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो, मागणी त्याच्या बरीच आधी पोचायला हवी.

आणि ‘प्रशासनाने’ म्हणजे कोणी? विभाग कार्यालयाचे प्रमुख सहायक आयुक्त. त्यांच्या हाताखाली घनकचरा व्यवस्थापन, परिरक्षण, जलकामे यांचे वेगवेगळे सहायक अभियंता. चुकीच्या टेबलावर गेलेला कागद ‘आमच्याकडे येत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो. करारनामा हातात आला की नेमकं पद लिहा. माणसाचं नाव नको, बदल्या होतात.

प्राजक्ता_व

पुन्हा लिहून बघितलं. कृपया झोडपा:

१. बंद ४ सीट चालू झाल्यास २४० महिलांसाठीचे प्रमाण पूर्ण होते (निष्कर्ष १, २). त्यामुळे संस्थेने मोडलेल्या दोन दारांची बिजागरे आणि कड्या पासच्या शिलकीतून १५ दिवसांत बसवाव्यात.
२. टोकाच्या दोन सीटचे चेंबर संस्थेने विभाग कार्यालयाच्या अभियंत्याच्या उपस्थितीत उघडून पाहावे. अडथळा साफसफाईने निघाला तर तो संस्थेने काढावा. पाइप बदलावा लागला तर, संस्थेची शिलक महिना सुमारे १,००० रुपये असल्याने (निष्कर्ष ६), करारनाम्यानुसार जबाबदार यंत्रणेने ते काम पावसाळ्यापूर्वी करावे.
३. पॅड पॅनमध्ये जाण्याचे कारण डबा नसणे हे आहे (निष्कर्ष ४). संस्थेने महिलांच्या बाजूला झाकणाचा डबा ठेवावा, केअरटेकरने तो रोज रिकामा करून कचरा पालिकेच्या गाडीत द्यावा.

जुना_अभियंता

आता कोणी विचारलं ‘कुठून आलं’ तर बोट ठेवता येतं. दुसरीतलं ‘जबाबदार यंत्रणेने’ एवढंच खटकतं. करारनामा मिळाला की तिथे पद घाला. मिळाला नाही तर तसं लिहा, आणि सहायक आयुक्तांनी जबाबदारी कोणाची ते लेखी ठरवून द्यावं अशी शिफारस करा. तेही काम कोणाच्या तरी नावावर पडलंच.

रेश्मा_मानखुर्द

तिसरीत माझी हरकत आहे. डबा रोज रिकामा करायचं केअरटेकरवर टाकलंस, पण तो पुरुष आहे ना? बायकांच्या बाजूला तो कधी जाणार? आणि ७,५०० मध्ये अजून एक काम. त्याला विचारलंस का?

प्राजक्ता_व

नाही विचारलं. वस्तीतल्या एखाद्या ताईंना द्यायचं तर त्यांना काही द्यावं लागेल, आणि हजारातून दारं झाल्यावर काय उरणार?

शिवडीचा_बाळ्या

पास १० रुपयांनी वाढवा. ११० गुणिले १० म्हणजे ११०० आले की.

रेश्मा_मानखुर्द

आणि त्यामुळे पंधरा-वीस घरांनी पास बंद केला तर? तेवढ्याने वाढीपेक्षा जास्त पैसे जातील. दहा रुपये द्यायला लोक तयार आहेत का, हे प्राजक्ताने विचारलेलं नाही. त्यामुळे पासवाढ शिफारशीत येत नाही. प्राजक्ता, शनिवारी वस्तीत जाशील तेव्हा केअरटेकरला आणि पासवाल्या बायकांना हे दोन प्रश्न विचार, मग तिसरी लिही.

दादरचा_पद्मनाभ

गळतीचा धागा काढलाय, जाणकारांनी यावे.