भांडताना नवरा ‘आप’वर येतो आणि मला वाटतं राग गेला

सातारची_लेक:
मी साताऱ्याची, नवरा लखनौचा, राहतो पुण्यात. लग्नाला तीन वर्षं झाली, घरात हिंदीच चालते. गेल्या महिन्यात सासूबाई आल्या होत्या. सकाळपासून ओट्याशी उभ्या होत्या, मला भरून आलं आणि तोंडातून गेलं, “माँ, तू बैठ ना, मैं करती हूँ.” त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री नवरा म्हणाला, “अम्मी से तू-तड़ाक?” अरे, मी माझ्या आईला जन्मभर तूच म्हणते! दुसऱ्या दिवशी त्याच्या मामेभावाच्या ढेरीवरून काहीतरी बोलले. त्याचा चेहरा पडला म्हणून सारवासारव केली, “मैं तो चेष्टा कर रही थी.” हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. थोडक्यात, मी प्रयत्नपूर्वक अपमान केला. नवरा म्हणतो, तू बोलणं सुधार. मी म्हणते, पुण्यात राहतोस तर तू मराठी शीक. बरोबर कोण?

स्पष्टच_बोलतो:
तीन वर्षांत ‘तू’ आणि ‘आप’ कळलं नाही, यात भाषेचा काय दोष? सासूला तू म्हणू नये हे हिंदी सिनेमा बघणारं पोरगंही सांगेल. भाषेच्या आडून हट्ट चाललाय, दोघांचाही.

रंकाळा_काठ:
भाषेचा संबंध नाही हे मलाही पटतं. मी कोल्हापूरचा, बायको नागपूरची, दोघांची मातृभाषा मराठी. ती माझ्या मित्रांसमोर मला “काय बे” म्हणाली तर मित्र माझ्याकडे बघायला लागले. नागपुरात ‘बे’ म्हणजे जिव्हाळा म्हणे. आणि मी तिच्या बाबांना “बसा की” म्हटलं तर त्यांना वाटलं मी वैतागलोय. आता सांगा, आम्ही कुठली भाषा शिकायची?

सूरपट्टी:
रंकाळा, तुमचंच उदाहरण तुमच्या विरुद्ध जातंय. शब्द तेच असूनही वजन वेगळं होतं, म्हणूनच घोळ झाला.

ताई, ‘तू’चं गणित असं बघा. बोलताना आपल्याकडे दोनच पायऱ्या, तू आणि तुम्ही. ‘आपण’ भाषणात नाहीतर टोमण्यात. लखनौकडे तीन आहेत: तू, तुम, आप. आपण नवऱ्याला, मैत्रिणीला जे ‘तू’ म्हणतो त्याची तिकडची जागा ‘तुम’ची. तिकडचं ‘तू’ देवाला, तान्ह्या पोराला, नाहीतर भांडणात. शब्द कानाला सारखा लागतो म्हणून आपण तो सरळ उचलतो आणि फसतो. आईच्या बाबतीत तर उडी दोन पायऱ्यांची आहे, मराठीतल्या ‘तू’वरून थेट ‘आप’वर.

आता एक विचारतो. नवरा एरवी तुम्हाला काय म्हणतो, आणि चिडल्यावर काय?

सातारची_लेक:
एरवी तुम. चिडल्यावर... थांबा. चिडल्यावर आप!

दिवाळीत कुठे जायचं यावरून वाद झाला होता. तासभर बोलणं झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, “ठीक है, आप जो मुनासिब समझें.” मला वाटलं मिटलं. मी चहा टाकला, आईला फोन करून येतोय म्हणून सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं ऑफिसचं टेन्शन असेल.

सूरपट्टी:
तेच. तुमच्याकडे राग चढला की माणूस खाली उतरतो, ‘अहो’वरून ‘अरे’वर येतो, आवाज वाढतो. त्याच्याकडे राग वर सरकतो. तुम वरून आप झालं, आवाज खाली गेला, की समजायचं पारा चढलाय. तुम्ही आवाजावरून मोजत होता, तो सर्वनामावरून बोलत होता.

मुक्काम_श्टुटगार्ट:
यावर संशोधन झालंय. परक्या भाषेत राग कमी येतो, म्हणून नवरा-बायकोने दोघांनाही परकी असलेल्या भाषेतच भांडावं. मी आणि माझा जर्मन नवरा इंग्रजीत भांडतो, पाच मिनिटांत संपतं.

सूरपट्टी:
अर्धं बरोबर आहे. 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मातृभाषा तुर्की आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले आणि त्वचेवरचा बदल मोजला. लहानपणी आई रागावते तसली वाक्यं तुर्कीत ऐकली की अंगाची प्रतिक्रिया जास्त, इंग्रजीत कमी. पण याची दुसरी बाजू इथे जास्त महत्त्वाची. परक्या भाषेतला शब्द बोलणाऱ्यालाही हलका लागतो. ताईंना हिंदी ‘तू’चा अर्थ माहीत आहे, पण लहानपणी त्यावरून कुणी थोबाडीत दिलेली नाही. नवऱ्याला कदाचित दिली असेल.

स्पष्टच_बोलतो:
म्हणजे शेवटी सुधारायचं तिनेच. मी वेगळं काय म्हणालो?

गोमतीकाठची_सून:
तिनेच का? माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, सासर लखनौचंच. पहिल्या वर्षी नवरा म्हणाला, “हम कल सुबह कानपुर निकलेंगे.” मी दोघांच्या बॅगा भरल्या, शेजारणीकडे चावी दिली, सकाळी साडी नेसून तयार. तो एकटाच निघाला होता! तिकडे ‘हम’ म्हणजे मीसुद्धा. आपल्याकडे आम्ही वेगळं, आपण वेगळं, त्यामुळे कोण जाणार हे शब्दातच ठरतं. तिथे विचारावं लागतं. मी नेसलेल्या साडीवर दिवसभर घरात रडत बसले होते आणि त्याला कारण कळेना.

उलटंही झालं. मी रागाने म्हणायचे, “जो करना है करो.” आपल्याकडे “कर काय करायचं ते” याचा अर्थ खबरदार केलंस तर. तो खुशाल क्रिकेट खेळायला जायचा. वर मित्रांना सांगायचा, बीवी बहुत समझदार है.

मुक्काम_श्टुटगार्ट:
मग आता भांडता कसे?

गोमतीकाठची_सून:
मी मराठीत, तो हिंदीत. त्याला मराठी समजते, बोलता येत नाही. रागाला ही सोय चांगली आहे, ज्याचं त्याचं वजन ज्याच्या त्याच्या हातात राहतं. विनोदाला मात्र चालत नाही. मी मराठीत टोमणा मारला की तो आधी अर्थ लावतो, मग हसतो. तोवर मलाच हसू येईनासं झालेलं असतं. आणि ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ हे कळायला त्याला दोन वर्षं लागली. तोवर दर महिन्याला विचारायचा, “तो देखा क्या?”

रंकाळा_काठ:
मला वाटतं यात सुराचाही भाग आहे. आमची सातारा-कोल्हापूरची माणसं साधं “जेवला का” विचारली तरी भांडण काढल्यासारखी वाटतात.

सूरपट्टी:
हे मात्र शंभर टक्के. जॉन गम्पर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने एका ब्रिटिश विमानतळावरच्या कॅन्टीनचा किस्सा नोंदवलाय. तिथे वाढायला भारत-पाकिस्तानातून आलेल्या बायका होत्या. गिऱ्हाईकाला रस्सा हवा का विचारताना त्या एकच शब्द म्हणायच्या, “ग्रेव्ही”, उतरत्या सुरात. इंग्रज बाई तोच शब्द चढत्या सुरात म्हणते. गिऱ्हाइकांना वाटायचं या उद्धट आहेत, बायकांना वाटायचं हे लोक विनाकारण तुसडे वागतात. रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा दोन्ही बाजूंना उलगडा झाला. ताई, तुमची “पानी दे दो” उतरत्या सुरात जात असणार. एकदा फोनवर रेकॉर्ड करून दोघं ऐका, भांडण नसताना.

स्पष्टच_बोलतो:
नवरा-बायकोचं संभाषण रेकॉर्ड करायचं? म्हणजे भांडणाला नवा विषय.

सातारची_लेक:
रेकॉर्ड नाही केलं, काल नुसतं विचारलं, चिडल्यावर तू मला आप का म्हणतोस? तो म्हणाला, मी म्हणतच नाही. मग थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, अब्बू अम्मीशी भांडताना आप म्हणायचे, आम्ही पोरं तेवढं ऐकलं की गच्चीवर पळायचो. सासूबाईंना फोन करून मी ‘तू’बद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, राग नाही आला, दचकले. माझी आईच मला तू म्हणायची, आता कुणी म्हणत नाही. आता पुन्हा म्हणू की नको, ते मला कळेना.

स्पष्टच_बोलतो:
ते असो. नवरा मराठी शिकणार का नाही?

सातारची_लेक:
विचारलं. “बघू” म्हणाला. मराठीत.